सईच्या धाकट्या भावाचं नाव: जुळणारं हवं, पण गोंधळ नको

डहाळी
नमस्कार मंडळी. आठ दिवसांपूर्वी मुलगा झाला, येत्या रविवारी बारसं आहे आणि घरात नावावरून रोज संध्याकाळी सभा भरते. मोठी मुलगी सई, साडेचार वर्षांची. धाकट्याचं नाव तिच्या नावाशी कुठेतरी जुळावं, एवढीच इच्छा. पण 'रिंकू-पिंकू' छापाचं नको.

गुरुजींनी अनुराधा नक्षत्र, दुसरा चरण, म्हणजे 'नी' अक्षर काढून दिलंय. अक्षराचा आग्रह फक्त सासऱ्यांचा आहे. आत्तापर्यंतची यादी अशी: सासूबाईंना साईश, नवऱ्याला नील, मला मिहिर किंवा सुहृद (सई म्हणजे मैत्रीण, सुहृद म्हणजे मित्र, म्हणून) आणि नणंदेला निनाद. कानात नाव तीच सांगणार आहे, त्यामुळे तिचं वजन जास्त.

आमचं घर दुमजली आहे आणि सासरे कानाला यंत्र लावतात. हे मुद्दाम लिहितेय, कारण दिवसभर वरून खाली हाका चालू असतात. भावंडांची नावं किती जुळवावीत? तुमचे अनुभव सांगा.

खडीसाखर
अभिनंदन!! दोघांनाही काजळाची तीट लावा. जुळ्यांसाठी माझ्याकडे मोठी यादी आहे: अर्णव-अर्णवी, ओम-सोहम, रिया-सिया, आरव-विराज, ईश-ईशा. अजून हव्या असतील तर सांगा, मावसबहिणीच्या वेळी वहीच केली होती.

डहाळी
@खडीसाखर, धन्यवाद, पण जुळी नाहीत हो! सई साडेचार वर्षांची आहे.

खडीसाखर
अगंबाई, घाईत वाचलं. पण नावं तशीही चालतील की.

आरोहीची_आई
नाही चालणार, आणि हे मी भोगून सांगतेय. आमचा मोठा आरोह. चार वर्षांनी मुलगी झाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवून आरोही ठेवलं. पत्रिकेवर छापलेलं फार गोड दिसलं. मग मुलगी बोलायला, चालायला लागली आणि कळलं की मराठीत 'ही' नावाचा एक शब्द आहे जो कशालाही चिकटतो. 'उद्या आरोहही येणार आहे' आणि 'उद्या आरोही येणार आहे' ही दोन वाक्यं भरभर म्हणून बघा. एकदा बहिणीने 'आरोहही जेवून गेला तर चालेल' असं फोनवर सांगितलं आणि मी मुलीला तयार करून बसवलं. 'गेला' ऐकलं असतं तर कळलं असतं, पण तेवढं कोण ऐकतं.

मानस-मानसी, तेजस-तेजसी, सगळ्यांची हीच गत. मुलाच्या नावाला 'ई' लावून मुलीचं नाव करू नका. इंग्रजी स्पेलिंगमध्येही शेवटच्या एका अक्षराचा फरक राहतो. क्लासची फी एकाची भरली आणि पावती दुसऱ्याच्या नावाची आली, असं दोनदा झालंय.

धर्मसिंधू_७१
आपल्या पूर्वजांनी या सगळ्याचा विचार करून ठेवला आहे. गृह्यसूत्रांत स्पष्ट आहे की एका भावंडाचं नाव सम अक्षरांचं आणि दुसऱ्याचं विषम अक्षरांचं असावं, म्हणजे हाक मारताना घोटाळा होत नाही. सई दोन अक्षरी आहे, तेव्हा मुलाचं तीन अक्षरी ठेवा. निनाद योग्य.

निवृत्त_मास्तर
सम-विषम आहे खरं, पण भावंडांसाठी नाही. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी आणि मुलीचं विषम अक्षरांचं, आकारान्त असावं, असं सांगितलंय. म्हणजे तो नियम मुलगा-मुलगी असा आहे. तो पाळायचा तर सई हे दोन अक्षरी, ईकारान्त नावच बाद होईल आणि तीन अक्षरी निनादही मुलाला चालणार नाही. हाकेचा मुद्दा तुमचा स्वतःचा दिसतो. तो चांगला आहे, सूत्रकारांच्या गळ्यात कशाला घालता?

धर्मसिंधू_७१
मी लहानपणी आजोबांकडून ऐकलं होतं. असो.

वाचाश्री
माझं काम वाचा आणि श्रवणाचं आहे. ऐकू कमी येणारी लहान मुलं आणि म्हातारी माणसं हेच माझे पेशंट. त्यामुळे सासऱ्यांच्या यंत्राचा उल्लेख वाचून थांबले.

लांबून मारलेल्या हाकेत व्यंजनं गळतात आणि स्वर तेवढे पोचतात. वयोमानाने कान जातात तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात, आणि स, श, च, ट, फ यांची ओळख त्या पट्टीत असते. म्हणून आजोबा म्हणतात, 'बोललेलं ऐकू येतं, पण काय बोलली ते कळत नाही.' त्यांच्यासाठी तन्वी, सान्वी आणि अन्वी ही तीन नावं जवळजवळ एकच आहेत.

त्यामुळे जुळणी तपासायची तर नावातली व्यंजनं पुसून टाका आणि उरलेले स्वर म्हणा. ईरा आणि मीरा: ई-आ, ई-आ. सारखेच, म्हणजे घोटाळा ठरलेला. सई म्हणजे अ-ई. शिवाय हाक मारताना आपण नावातला शेवटचा मोठा स्वर ताणतो: सईऽऽ. आता तुमची नावं तशीच ताणून बघा. साईश ताणलं की साईऽऽश होतं, शेवटचा 'श' जिन्यात विरतो आणि खाली नुसतं 'साईऽऽ' पोचतं. ते तर सईच झालं.

मिहिर कागदावर सईपेक्षा किती वेगळं दिसतं! पण आपण लिहितो मिहिर आणि बोलतो मिहीर, शेवटून दुसरा इकार लांबवतोच. हाकेत तो 'मिहीऽऽर' होतो. तिथेही ताणलेला स्वर ई. नीलमध्येही ई. निनादमध्ये मात्र 'आ' ताणला जातो, निनाऽऽद. तोंड उघडतं आणि स्वरच बदलतो.

मी सांगते म्हणून ऐकू नका, घरी करून बघा. सासऱ्यांना खालच्या खोलीत पाटी देऊन बसवा. वरून एकाने दोन नावं उलटसुलट क्रमाने हाकारायची, मध्ये थोडा वेळ सोडून, एकूण वीस हाका. ऐकू येईल ते त्यांनी लिहायचं. खालचा टीव्ही चालू ठेवा, एरवी असतोच ना?

संध्या_रजनी
@वाचाश्री, एवढं काटेकोर वागायचं तर आशा आणि उषा या बहिणींची नावं ठेवलीच गेली नसती. मंगेशकरांच्या घरात लता, मीना, आशा, उषा, चारही दोन अक्षरी आणि चारही 'आ'वर संपणारी. त्यांचं काही अडलं नाही.

माझं नाव संध्या, थोरली उषा, धाकटी रजनी. वडिलांनी दिवसाच्या वेळा घेतल्या होत्या. ऐकायला छान, पण लहानपणी मी कायम वडिलांना विचारायचे की मलाच दिवेलागणीची वेळ का दिली. आणि चौथा भाऊ झाला तेव्हा वेळा संपल्या होत्या, तो नुसता सुनील. आजही म्हणतो, 'तुम्ही तिघी पंचांगातल्या, मी बाहेरचा.' थट्टेत म्हणतो, पण म्हणतो. सूत्र धरलंत तर पुढच्याला पुरेल का, तेही बघा.

वाचाश्री
@संध्या_रजनी, चारांपैकी तीन नावांत पहिला स्वर वेगळा आहे: मीनात ई, आशात आ, उषात उ. तेवढ्याने घरातल्या घरात भागतं. आशा-लता मात्र मी ठेवली नसती, निदान माझ्या पेशंटच्या घरात तरी नाही.

संध्या_रजनी
लता-आशा गोंधळल्याचं तर कोणी ऐकलं नाही. मला हे जरा अतीच वाटतं. लोक हाकेच्या आवाजावरून, रागावरून ओळखतातच की कोणाला बोलावलंय.

दुसरा_स्वप्न
माझा अनुभव कागदाचा आहे. आम्ही दोघे भाऊ, दोघांची नावं 'स्व'ने सुरू होतात. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं आणि शेवटी आडनाव, म्हणजे भावंडांच्या नावातले तीनपैकी दोन तुकडे आधीच एक असतात. वेगळेपणाचा सगळा भार पहिल्या नावावर. तेच एका अक्षराने सुरू झालं की आद्याक्षरं लिहिणाऱ्या प्रत्येक ठिकाणी आम्ही एकच माणूस. पत्ता एक, आडनाव एक, आद्याक्षरं तीच. एकदा भावाचं बँकेचं पाकीट मी फोडलं, त्यातलं नवं कार्ड चालू करायला गेलो आणि तीनदा चुकीचा पिन टाकून ते बंद पाडलं. त्याने अजून माफ केलेलं नाही.

आई तर आयुष्यभर 'स्वप्... स्वा... अरे तू रे!' अशीच हाक मारत आली.

सुहृद म्हणूनच नको. सई आणि सुहृद, दोन्ही 'स', इंग्रजीत दोन्ही 'एस'. वर त्या 'हृ'चं स्पेलिंग प्रत्येक कार्यालयात वेगळं होईल.

वाचाश्री
आईचं अडखळणं त्याच कारणाने. ड्यूक विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांचा 2016 चा अभ्यास आहे. माणसं चुकून दुसरंच नाव घेतात तेव्हा ते बहुधा त्याच गोतावळ्यातलं असतं, मुलाऐवजी दुसऱ्या मुलाचं. आणि नावांची सुरुवात किंवा शेवट सारखा असेल तर घसरण्याची शक्यता आणखी वाढते. दिसण्यातल्या साम्याचा त्यात फारसा हात नसतो. घरातल्या कुत्र्याचं नावही मुलाला जातं, मांजराचं सहसा नाही!

निवृत्त_मास्तर
हाकेचं आणि कागदाचं झालं. अर्थाच्या जुळणीबद्दल थोडं.

आपल्याकडचं सगळ्यात सुंदर उदाहरण आळंदीचं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. चार नावं ओळीने वाचा: विषयांतून मागे फिरणं, मग ज्ञान, मग वर चढायचा जिना आणि शेवटी मोकळं होणं. एक पूर्ण वाट. आणि आवाजात काय सारखं आहे? काहीही नाही. एकही आद्याक्षर जुळत नाही, शेवटही वेगवेगळे. ज्याला अर्थ लावायचा तो लावतो, बाकीच्यांना चार स्वतंत्र नावं ऐकू येतात. सूत्र असं आत राहिलं की ते ओढूनताणून आणलेलं वाटत नाही.

याच्या उलट टोक म्हणजे सावरकर बंधू. थोरल्याचं नाव गणेश, मधल्याचं विनायक. दोन्ही गणपतीचीच नावं. आवाज अगदी वेगळे, अर्थ एकच! पण घरात बाबा, तात्या आणि बाळ अशी हाक होती. जुन्या घरांत हीच सोय असे. पाळण्यातलं नाव देवाचं, आजोबाचं, काहीही असो, हाकेला बापू, अण्णा, नाना. जुळणीचा प्रश्न मोठा झाला तो आपण नाव एकच ठेवून तेच कागदावर आणि तेच जिन्यात वापरायला लागलो तेव्हा.

आता डहाळीताई, तुमच्यासाठी एक गंमत. अनुराधा नक्षत्राची देवता कोण, माहीत आहे का? मित्र. मुलीचं नाव सई म्हणजे सखी आणि मुलाच्या नक्षत्राचा स्वामी मित्र. जुळणी तुमच्या घरात आपोआप होऊन बसली आहे, तुम्ही ती बाहेर शोधताय.

डहाळी
मास्तर, अंगावर काटा आला! मग मैत्रच ठेवू का? सई आणि मैत्र. स्वरही वेगळे आहेत.

बे_एरियातला_बाब्या
मैत्र मस्त आहे, पण महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकलं की 'मैत्रा' होणार. शेवटचा 'अ' आपण जोडाक्षरावर थोडा ठेवतो, लोक त्याचा 'आ' करतात. बंगालमध्ये मैत्र हे आडनाव आहे, त्यामुळे मुलाचं आडनाव कुठलं आणि नाव कुठलं हाही घोळ. आणि सईचं स्पेलिंग काय केलंय? एस-ए-आय केलं असेल तर इथे तिला सगळे 'साय' म्हणतील आणि भारतात निम्मे लोक 'साई'.

डहाळी
एस-ए-ई-ई केलंय. तरी लशीच्या कार्डावर 'साई, पुरुष' असं आलं होतं. त्यामुळे साईश तर आजपासून बाद, सासूबाईंना हेच कारण सांगते!

कुडाळची_काकू
आमच्या शेजारच्या प्रणव-प्रणालीला घरातले दोघांनाही 'पनू' म्हणतात. पूर्ण नावं वेगळी आहेत हो, पण शेवटी तोंडात राहतं ते लाडाचं नाव. अनुजा-अनुष्का दोघी 'अनू'. नाव ठरवताना त्याचं तोडमोड केलेलं रूपही म्हणून बघा.

गावकामगार
मी ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यू नोंदीचं काम बघतो. घाई करू नका, एवढंच सांगायला आलो. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद करता येते. नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत नाव भरलं तर शुल्क नाही, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. अडचण येते ती घातलेलं नाव बदलताना. लोक बारशाआधीच दवाखान्याच्या फॉर्मवर कुठलं तरी नाव सांगून मोकळे होतात, मग पूर्ण मत बदलतं आणि आमच्याकडे भांडायला येतात. आणि मराठी नाव व इंग्रजी स्पेलिंग दोन्ही स्वतःच्या हाताने लिहून द्या, तोंडी सांगू नका.

डहाळी
पाटीचा प्रयोग काल रात्री केला. नवरा गच्चीच्या जिन्यात, सासरे खालच्या खोलीत, टीव्हीवर बातम्या. प्रत्येक नाव सईबरोबर मिसळून वीस हाका. सासरे आधी वैतागले, मग त्यांना परीक्षेसारखी मजा वाटायला लागली.

साईशला वीसपैकी नऊ चुका. मिहिरला सहा. मला खात्री होती की मिहिर एकदाही चुकणार नाही, म्हणून मुद्दाम पुन्हा घेतलं, तेव्हाही पाच. नीलला चार. सुहृदला सईशी गोंधळ नाही झाला, पण तीनदा त्यांनी पाटीवर नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. निनादला एकही चूक नाही. मैत्रला एक.

मग यंत्र काढून पुन्हा केलं. तेव्हा मिहिर आणि सई त्यांना जवळपास सारखंच ऐकू येत होतं. वाचाश्रीताई, पैज जिंकलात.

म्हणजे निनाद पक्कं असं वाटलं, आणि सकाळी समोरच्या घरातून हाक आली, 'निनाऽऽद, डबा विसरलास!' समोरचा निनाद दुसरीत आहे. चार दिवस डोकं खाजवून मी गल्लीच विसरले होते.

वाचाश्री
हा हा! गल्लीचा मुद्दा माझ्याही यादीत नव्हता. मग स्वरांचा तोच सांगाडा ठेवा, इ-आ, आणि व्यंजनं बदला.

निवृत्त_मास्तर
निहार बघा. अक्षरही सांभाळलं जातं, सासरे खूश. आणि मित्राला सोडू नका. बारशाला तांदळावर अंगठीने नावं लिहितात, तेव्हा रूढीप्रमाणे देवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं अशी चार नावं असतात. त्यात गुरुजींना सांगून 'मित्र' लिहून घ्या. कागदावर, शाळेत, जिन्यात कुठेही ते येणार नाही, पण सईला मोठेपणी सांगता येईल.

संध्या_रजनी
निहार छान आहे. आणि तिसऱ्याला अडचणही येणार नाही!

डहाळी
तिसऱ्याचं नाव काढू नका, अजून टाके दुखतायत.

डहाळी
बारसं झालं! 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बाळ पाळण्याखालून वर करताना नणंद मध्येच थांबली आणि म्हणाली, 'बघ, इथेही दोन्ही नावं कृष्णाचीच आणि सुरुवातही सारखी.' मग कानात कुर्र करून निहार सांगितलं. तांदळावर पाचवं म्हणून मित्रही लिहिलं, गुरुजींनी काही हरकत घेतली नाही. पाटीवर निहारला वीसपैकी शून्य चुका होत्या.

आता नवा प्रश्न. नावाचा फॉर्म उद्या भरायचाय. 'नि' ऱ्हस्व की दीर्घ?

धर्मसिंधू_७१
ऱ्हस्व. निहार.

निवृत्त_मास्तर
दीर्घ. संस्कृतात धुकं, दहिवर या अर्थाने प्रामुख्याने नीहार असंच येतं, ऱ्हस्वही कुठे कुठे आढळतं. पण हिंदी वाचणाऱ्याला 'निहार' दिसलं की 'निहारना', म्हणजे न्याहाळणं आठवेल. वर मी स्वतःच घाईत ऱ्हस्व लिहून गेलो, ती माझी चूक. शिवाय गुरुजींचं अक्षरही 'नी'च आहे.

दुसरा_स्वप्न
इंग्रजीत काय, एक 'ई' की दोन? सईला दोन दिलेत ना?

डहाळी
अरे देवा. नवऱ्याला विचारते.